फोटोतल्या मजकुराचं भाषांतर: चूक वाचताना झाली की भाषांतर करताना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करते. लोक मला फोनवरचे स्क्रीनशॉट पाठवतात. त्यात सातबारा असतो, लग्नपत्रिका असते, औषधाचं खोकं असतं, कुठल्या तरी गल्लीतली पाटी असते. सोबत तक्रार बहुतेक सारखीच असते: "ॲपने भाषांतर चुकवलं." पण स्क्रीनशॉट नीट पाहिला तर बऱ्याचदा भाषांतराचा दोष नसतोच. ॲपने अक्षरंच चुकीची वाचलेली असतात आणि त्या चुकीच्या अक्षरांचं भाषांतर अगदी इमानदारीने केलेलं असतं. हा फरक कळला की चूक दुरुस्त करणं सोपं होतं, म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः देवनागरी मजकुराची आहेत, कारण आपल्याला रोज त्याचीच गरज पडते.

१. पाटीवर कॅमेरा धरला की तिथल्या तिथे इंग्रजी दिसतं. आत नेमकं काय होतं?

दोन वेगळी कामं एकापाठोपाठ होतात. पहिलं काम वाचनाचं, ज्याला ओसीआर म्हणतात. फोटो म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. त्यांत मजकूर कुठे आहे हे आधी शोधलं जातं, प्रत्येक ओळीभोवती चौकट आखली जाते आणि मग त्या चौकटीतल्या आकृतींवरून अक्षरं ठरवली जातात. हे झालं की फोटोचं काम संपलं. हातात राहतो तो साधा टाइप केल्यासारखा मजकूर.

दुसरं काम भाषांतराचं. त्या यंत्रणेला फोटो दिसतच नाही. तिला फक्त पहिल्या टप्प्याने दिलेला मजकूर मिळतो, आणि तो बरोबर आहे असं धरूनच ती चालते. कागदावर 'दऱ्या' लिहिलं होतं की 'दर्या', हे तपासायला तिच्याकडे कागद नाही. शेवटी आलेलं भाषांतर मूळ अक्षरांवर रंगवून दाखवलं जातं. मूळ मजकूर त्यामुळे झाकला जातो, आणि म्हणूनच पहिल्या टप्प्याची चूक आपल्या नजरेतून सुटते.

२. चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे घरबसल्या कसं ओळखायचं?

भाषांतर बाजूला ठेवा आणि ॲपने काय वाचलं ते आधी पाहा. बहुतेक ॲपमध्ये फोटोतला मजकूर निवडून कॉपी करता येतो. तो एखाद्या नोंदवहीत किंवा स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात चिकटवा आणि मूळ फोटोशी शब्दाशब्दाने ताडून पाहा. अक्षर वेगळं असेल, शब्द गळला असेल, ओळींचा क्रम बदलला असेल, तर चूक वाचनाची.

मजकूर तंतोतंत जुळला आणि तरीही इंग्रजी चुकीचं असेल, तर चूक भाषांतराची.

कधी दोन्ही असतात. तेव्हा चिकटवलेला मजकूर हाताने दुरुस्त करा आणि तोच भाषांतराच्या चौकटीत पुन्हा घाला. वाचनामुळे आलेल्या चुका लगेच नाहीशा होतात. त्यानंतरही उरलेल्या चुका दुसऱ्या टप्प्याच्या. या एका सवयीने माझं निम्मं काम हलकं झालं. खालच्या बहुतेक उत्तरांत मी हीच चाचणी केली आहे असं समजा.

३. मला अक्षर स्वच्छ दिसतंय. मग ॲपला का वाचता येत नाही?

आपण वाचतो तेव्हा शब्द आधीपासून ओळखीचा असतो, म्हणून अर्धवट दिसलेलं अक्षरही आपण पूर्ण करून घेतो. यंत्राला आधी आकृती ओळखावी लागते, आणि देवनागरीत ती तीन मजल्यांवर पसरलेली असते. मधे व्यंजन, वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि पाय मोडल्याची खूण. या सगळ्यांना शिरोरेषा एकत्र बांधते, त्यामुळे एक अक्षर संपून दुसरं कुठे सुरू झालं हे रोमन लिपीइतकं उघड नसतं. जोडाक्षरांत तर अक्षराचा अर्धाच भाग उरतो.

त्यात जुळी वाटणारी अक्षरं आहेत: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, थ आणि य. फरक एवढासाच असतो, की शिरोरेषा तुटली आहे की नाही, पोटात तिरकी रेघ आहे की नाही. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर नेमका तेवढाच तपशील आधी पुसला जातो. 'ख' सुटा छापला असेल तर तो 'रव' वाचला जाण्याचीही शक्यता असते.

मराठीला आणखी एक अडचण आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. देवनागरी वाचायला शिकवताना हिंदीचा मजकूर मोठ्या प्रमाणात वापरला जातो. मराठी छपाईतल्या ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात, ळ हिंदीत जवळजवळ भेटतच नाही, आणि अर्ध्या र चं ते आडवं रूप तर खास आपलं. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, 'आचार्याला' म्हणजे गुरूला. वाचनात हे रूप बदललं की जो शब्द तयार होतो तोही खराच मराठी शब्द असतो. त्यामुळे भाषांतराला काही खटकत नाही आणि आचाऱ्याचा आचार्य होतो.

अनुस्वाराचंही तसंच. तो एक ठिपका. कागदावरचा डाग अनुस्वार ठरू शकतो आणि खरा अनुस्वार डाग समजून टाकून दिला जाऊ शकतो. 'वंदन' मधला ठिपका गेला की उरतं 'वदन', म्हणजे तोंड.

४. शब्द ठीक येतात, पण आकडे चुकतात. असं का?

शब्दाला शेजारच्या अक्षरांचा आधार असतो. 'महारा_ट्र' मधलं एक अक्षर पुसलं असलं तरी यंत्र ते ओळखतं, कारण तिथे दुसरं काही बसत नाही. आकड्याला असा आधार नाही. ४१ च्या जागी ८९ सुद्धा तितकंच शक्य असतं.

देवनागरी आकड्यांतला सापळा म्हणजे काही आकडे इंग्रजी आकड्यांसारखे दिसतात, पण किंमत वेगळी असते. आपला ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो. आपला १ इंग्रजी 9 सारखा दिसतो. आकड्यांची ओळ इंग्रजी आहे असा यंत्राचा समज झाला, तर चूक अर्धवट होत नाही, पूर्ण आणि स्वच्छ होते.

एक ओळ घेऊन पाहू. जुन्या छापील सातबाऱ्यावर असं लिहिलेलं आहे असं धरा:

लागवडीयोग्य क्षेत्र ०.४१.००, पोटखराबा ०.०३.००, एकूण ०.४४.००

क्षेत्राचे हे तीन भाग म्हणजे हेक्टर, आर आणि चौरस मीटर. १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर. म्हणजे ही जमीन लागवडीपुरती एका एकराच्या किंचित वर. आता तेच आकडे इंग्रजी समजून वाचले तर येतं:

क्षेत्र 0.89.00, पोटखराबा 0.03.00, एकूण 0.88.00

शून्य आणि तीन तसेच राहिले, कारण ते दोन्हीकडे सारखे दिसतात. पण एका एकराचे सव्वादोन एकर झाले. इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्या माणसाला यात काहीच संशयास्पद वाटणार नाही. ते छान नीटनेटकं दिसेल.

पण बेरीज करून पाहा. ०.८९ आणि ०.०३ मिळून ०.९२ व्हायला हवेत, वाचलेल्या ओळीत ०.८८ आलेत. एकूण क्षेत्र त्याच्या एका भागापेक्षाही कमी! मूळ आकड्यांची बेरीज मात्र बरोबर जुळते: ४१ आणि ३, चव्वेचाळीस. ज्या कागदावर बेरीज आहे तिथे ती नेहमी करून पाहा. बिलं, गुणपत्रिका, बँकेची पासबुकं, सगळीकडे हा उपाय चालतो. जिथे बेरीज नाही, म्हणजे गट क्रमांक, खाते क्रमांक, जन्मतारीख, तिथे प्रत्येक आकडा मूळ कागदावरून डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही.

दशांश चिन्ह गळणं हा याचाच भाऊ. ०.४१.०० चं ०४१.०० झालं तर आर आणि हेक्टर एकमेकांत मिसळतात.

५. सातबाऱ्यातली अक्षरं, आकडे सगळं बरोबर वाचलं गेलं. तरी इंग्रजी हास्यास्पद आहे.

ही आता दुसऱ्या टप्प्याची चूक. महसुली कागदातले शब्द रोजच्या बोलण्यातलेच असतात, पण त्यांचा अर्थ त्या कागदापुरता ठरलेला असतो. 'आकार' म्हणजे जमिनीवरची सरकारी आकारणी, रुपये-पैशांत. भाषांतरात त्याचा 'शेप' होतो. 'बोजा' म्हणजे त्या जमिनीवर नोंदवलेलं कर्ज. त्याचं 'ओझं' होतं. 'कूळ' म्हणजे जमीन कसणारा. त्याचं घराणं होतं. 'पोटखराबा' म्हणजे त्याच गटातला लागवडीला नालायक भाग. तो शब्द तोडून पाहिला तर पोट आणि खराब एवढंच हाती लागतं.

भाषांतराची यंत्रणा शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यावरून ठरवते. 'शेताचा आकार चौकोनी आहे' आणि 'आकार १.२५' यातला फरक माणसाला संदर्भामुळे कळतो. पण सातबारा हा तक्ता आहे, त्यात वाक्यंच नाहीत. प्रत्येक रकाना सुटा सुटा भाषांतराला जातो आणि संदर्भ तिथेच संपतो.

यावर एक करता येतं. वाचलेला मजकूर कॉपी करून तुम्ही स्वतः त्याची साधी वाक्यं करा. 'आकार १.२५' ऐवजी 'या जमिनीवरील शासकीय महसूल आकारणी १ रुपया २५ पैसे आहे' असं लिहिलं की भाषांतर पुष्कळ सुधारतं. बँकेत किंवा वकिलाकडे द्यायचं असेल तर मात्र असं भाषांतर फक्त स्वतःच्या समजुतीसाठी ठेवा. कागद माणसाकडून करून घ्या.

६. "ता." चं कधी तालुका होतं, कधी तारीख. कोणतं बरोबर?

दोन्ही बरोबर असू शकतात, आणि तीच अडचण आहे. 'ता. वाई, जि. सातारा' मध्ये तालुका, 'ता. १२ मे' मध्ये तारीख. पुढे गावाचं नाव आलं की आकडा, यावरून कळतं. पण वाचनाच्या टप्प्यात 'ता.' एका चौकटीत आणि पुढचा शब्द दुसऱ्या चौकटीत गेला, तर हा आधार तुटतो (असं का होतं ते प्रश्न ९ मध्ये). 'मु. पो.', 'रा.', 'ह. मु.' ही संक्षिप्त रूपंही अशीच. मी ती भाषांतराआधी हातानेच पूर्ण करते.

७. आमचं आडनाव काळे आहे. भाषांतरात "ब्लॅक" आलं. आधार कार्डाचा फोटो होता!

रोमन लिपीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, त्यामुळे हे नाव आहे असा इशारा मिळतो. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाहीच. काळे, गोरे, वाघ, लांडगे, डोंगरे ही सगळी एरवीचीही मराठी नामं-विशेषणं आहेत. मागे 'श्री.' किंवा पहिलं नाव असेल तर यंत्रणेला कळण्याची शक्यता बरी असते. रकान्यात नुसतं 'काळे' असेल तर नाही.

नावाची दुसरी चूक पहिल्या टप्प्यात होते, आणि ती जास्त लपलेली असते. वाचणारी यंत्रणा केवळ आकृती पाहत नाही. कोणता शब्द जास्त संभवतो हेही तोलते. अस्पष्ट 'काळोखे' चं 'काळोख' होतं ते असं. छोट्या वस्तीचं अपरिचित नाव असेल तर त्याच्याजवळचा ओळखीचा शब्द उचलला जातो. म्हणून नावं आणि गावं तपासताना 'हा शब्द मराठीत आहे का' असं पाहू नका. 'कागदावर हीच अक्षरं आहेत का' असं पाहा.

८. मराठी पाटीचं भाषांतर अगदी उलटं आलं. अक्षरं तर सगळी बरोबर आहेत.

मजकूर कोणत्या भाषेतला मानला गेला ते पाहा. देवनागरी म्हणजे मराठीच असं नाही. हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत याच लिपीत आहेत. मोठा परिच्छेद असेल तर 'आहे', 'आणि', 'चा-ची-चे' यांवरून मराठी सहज ओळखू येते. पाटीवर दोन-तीनच शब्द असले की हे खुणेचे शब्द नसतात आणि 'आपोआप ओळखा' या पर्यायाचा कौल हिंदीकडे झुकू शकतो.

मग जे होतं ते गंभीर असतं, कारण दोन्ही भाषांत असलेले पण अर्थ वेगळे असलेले शब्द बरेच आहेत. 'शिक्षा' मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'खाली' मराठीत तळाशी, हिंदीत रिकामं. 'सही' मराठीत स्वाक्षरी, हिंदीत बरोबर. 'राजीनामा' आपल्याकडे पद सोडण्याचा, हिंदी कोर्टकचेरीत तो तडजोडीचा. आणि 'नये': आपला हा मनाई करणारा शब्द हिंदीत 'नवे' आहे.

उपाय सोपा: मूळ भाषा स्वतः 'मराठी' निवडा, आपोआपवर सोडू नका. गोव्यातल्या पाट्यांसाठी हे विशेष लागू. देवनागरी कोकणी आणि मराठी छोट्या मजकुरात इतक्या जवळ येतात की एकीची दुसरी सहज होते. गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणी २०२२ मध्ये आली, तेव्हा तिथे तरी निवडायला पर्याय आहे.

परदेशातल्यांसाठीही हेच. जर्मनीत डब्यावर 'गिफ्ट' असं लिहिलेलं दिसलं तर ती भेट नाही. जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष.

९. पाटी दोन ओळींत आहे. प्रत्येक ओळीचं वेगळंच भाषांतर आलं.

ही चूक दोन टप्प्यांच्या सांध्यावर होते, म्हणून ती सहसा कोणाच्याच लक्षात येत नाही. अक्षरं बरोबर वाचली जातात, भाषांतराची यंत्रणाही तिला दिलेल्या मजकुराचं बरोबरच भाषांतर करते. पण तिला दिलेला तुकडाच चुकीचा असतो.

ही पाटी पाहा:

येथे वाहन उभे करू
नये

दोन ओळींमध्ये अंतर जास्त असेल किंवा 'नये' मोठ्या लाल अक्षरांत असेल, तर वाचनाचा टप्पा दोन स्वतंत्र चौकटी आखतो. पहिल्या चौकटीचं भाषांतर: आपण इथे गाडी लावूया. दुसरीचं, मूळ भाषा हिंदी धरली गेली असेल तर: नवे. मनाईचं आमंत्रण झालं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे शेवटचा तुकडा सुटला की वाक्याचा अर्थच उलटतो. इंग्रजी पाटीत 'नो' सुरुवातीला असतं, तिथे हा धोका कमी.

दोन स्तंभांतलं वर्तमानपत्र, हॉटेलचं मेन्यू कार्ड, औषधाच्या खोक्याच्या तीन बाजू, यांत चूक उलट दिशेने होते: वेगळ्या चौकटी एकत्र केल्या जातात आणि डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभात घुसते. दोन्हींवर उपाय एकच. एका वेळी एकच सलग मजकूर चौकटीत राहील असा फोटो कापून घ्या, आणि वाचलेल्या मजकुरातला ओळींचा तोड हाताने काढून मगच भाषांतर करा.

१०. कॅमेरा धरून ठेवला तर भाषांतर सारखं बदलत राहतं. कोणतं खरं मानू?

एकही नाही, स्थिर फोटो काढा. थेट दिसणाऱ्या चित्रात वाचन पुन्हा पुन्हा नव्याने होतं. हात किंचित हलला, उजेड बदलला की एखादं अक्षर वेगळं वाचलं जातं आणि पूर्ण वाक्य बदलतं. हे तंत्र वर्ड लेन्स नावाच्या आयफोन ॲपमुळे २०१० मध्ये लोकांसमोर आलं. गूगलने २०१४ मध्ये ते घडवणारी कंपनी घेतली आणि २०१५ मध्ये आपल्या भाषांतराच्या ॲपमध्ये आणलं. रस्ता शोधायला ते छान आहे. मात्र भाषांतर सतत बदलतंय ही स्वतःच एक उपयोगी खूण आहे: वाचन डळमळीत आहे, म्हणजे दोष पहिल्या टप्प्यात आहे.

११. फोटो कसा काढला तर वाचन सुधारेल?

कागद सपाट ठेवा आणि फोन त्याच्या बरोबर वर, समांतर धरा. तिरक्या फोटोत दूरची अक्षरं दबतात आणि वरच्या मात्रा शिरोरेषेला चिकटतात. चकचकीत लॅमिनेशन असेल तर फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात काढा. फ्लॅशचा पांढरा डाग जिथे पडेल तिथला मजकूर गेलाच. बाटलीवरचं लेबल गोल असतं, म्हणून बाटली थोडी थोडी फिरवून तीन फोटो काढा.

जवळ जाऊन काढलेला फोटो लांबून काढून मोठा केलेल्या फोटोपेक्षा कधीही बरा. स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि अनुस्वार, नुक्ता, अर्धा र हे बारीक तपशील आधी जातात.

यातल्या कशाचाही दुसऱ्या टप्प्यावर परिणाम होत नाही. 'आकार' चं 'शेप' होत असेल तर कितीही स्वच्छ फोटो काढा, तेच होणार.

१२. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला तर अगम्य चिन्हं येतात. पण त्याच पानाचा स्क्रीनशॉट मात्र नीट वाचला जातो. हे कसं?

ती पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलेली आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आत रोमन चिन्हांचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी फक्त देवनागरी आकृत्या दाखवतो. कॉपी केल्यावर फॉन्ट मागे राहतो आणि आतले संकेत उघडे पडतात. भाषांतराला ते दिलं तर काहीच अर्थ निघणार नाही.

स्क्रीनशॉट वाचणाऱ्या यंत्रणेला संकेतांशी देणंघेणं नसतं, तिला आकृती दिसते. म्हणून इथे मुद्दाम फोटोचाच रस्ता घ्या. जुन्या मराठी सरकारी परिपत्रकांच्या आणि अंकांच्या फायलींसाठी मी हेच करते. फक्त प्रश्न ४ मधली आकड्यांची तपासणी सोडू नका.

१३. संगणकावर मजकूर स्वतः वाचून घेऊन तपासता येतो का?

हो, आणि विनाशुल्क. टेसरॅक्ट ही वाचनाची यंत्रणा १९८५ ते १९९४ या काळात एचपीमध्ये तयार झाली, २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात मराठीची वेगळी फाइल आहे. ती बसवल्यावर:

```
tesseract satbara.jpg satbara -l mar --psm 6 tsv
```

`mar` म्हणजे मराठी. इथे हिंदीची फाइल वापरू नका (कारण प्रश्न ३ मध्ये). `--psm 6` म्हणजे पूर्ण चित्र हा एकच सलग मजकूर आहे असं समज. शेवटच्या `tsv` मुळे तक्ता मिळतो, आणि त्यातला `conf` हा रकाना खरा कामाचा: प्रत्येक शब्दाबद्दल यंत्रणेला किती खात्री आहे ते शंभरपैकी आकड्यात दिसतं. कमी खात्रीचे शब्द आधी मूळ कागदाशी ताडा. पण जास्त खात्री म्हणजे बरोबर असं समजू नका. ४ ला 8 वाचताना यंत्रणेला पूर्ण खात्री असू शकते.

१४. नवे चॅटबॉट फोटो घेऊन सरळ भाषांतरच देतात. मग दोन टप्पे राहिले कुठे?

बाहेरून एकच टप्पा दिसतो, पण अक्षर ओळखणं आणि अर्थ लावणं ही दोन कामं तरीही करावीच लागतात. फायदा असा की संदर्भ तुटत नाही: हा सातबारा आहे हे चित्रावरूनच कळल्यामुळे 'आकार' चा अर्थ बरोबर लागण्याची शक्यता वाढते. तोटा असा की जे वाचता आलं नाही ते संदर्भावरून भरून काढलं जातं, आणि भरलेला भाग वाचलेल्या भागाइतकाच सफाईदार दिसतो. जुना ओसीआर अडखळला की कचरा अक्षरं देतो. ती निदान दिसतात तरी.

म्हणून आधी फक्त मूळ मराठी मजकूर जसाच्या तसा उतरवून मागा, वाचता न आलेल्या जागी रिकामी खूण ठेवायला सांगा, तो तपासा, आणि मगच भाषांतर मागा. टप्पे तुम्ही स्वतः वेगळे केलेत की प्रश्न २ मधली चाचणी पुन्हा शक्य होते.

१५. मुलगी जर्मनीत आहे. जर्मन पत्राचं मराठी भाषांतर "तू" ने येतं, कार्यालयाचं पत्र असूनही. वाचन चुकतंय का?

नाही, वाचन ठीक आहे. जर्मनमध्ये आपल्यासारखेच 'तू' आणि 'आपण' वेगळे आहेत आणि कार्यालयीन पत्रात आदरार्थीच असतं. पण जर्मन-मराठी असा थेट जोडमजकूर फार कमी उपलब्ध असल्यामुळे अनेक यंत्रणा मधे इंग्रजी घेत आल्या आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम. आदर तिथे गळतो आणि मराठीत उतरताना अंदाजाने 'तू' किंवा 'तुम्ही' लावलं जातं. अशा कागदांसाठी मी इंग्रजी भाषांतरच वाचायला सांगते. एक उडी कमी होते.

१६. आजोबांच्या ट्रंकेतले मोडीतले कागद आहेत. ॲप त्याचं काहीतरी भलतंच वाचतं.

मोडी ही मराठीच, पण लिपी निराळी. ॲपला देवनागरी येते म्हणून मोडी येत नाही. ते समोरच्या वळणांत ओळखीची अक्षरं शोधत बसतं आणि हाती लागतं ते अर्थहीन असतं. मोडीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २०१४ मध्ये मिळाली, पण जागा मिळणं आणि हस्तलिखित वाचता येणं यात मोठं अंतर आहे. मोडीत लेखणी उचलायचीच नाही असं वळण असतं, शब्द शब्दाला चिकटतात, ऱ्हस्व-दीर्घ बहुधा पाळलेलं नसतं, आणि प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा.

इथे पहिला टप्पाच माणसाने करायचा आहे. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून कागदाचं देवनागरी लिप्यंतर करून घ्या. त्यानंतरही जुन्या दस्तांतले 'बिघे', 'पांड', 'इनाम' यांसारखे शब्द भाषांतराच्या टप्प्यात अडतील. त्यांचं काय करायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे.